अरबी 'इल्ला': भाऊ कधी अखूक, कधी अखाक, कधी अखीक?

शिकाऊ_उंट

पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन अरबी शिकतोय. दुसरं वर्ष. गेल्या आठवड्यात चाचणी झाली आणि 'इल्ला'ने, म्हणजे आपल्या 'सोडून / वगळता / शिवाय'ने, माझे निम्मे गुण खाल्ले. नियम पाठ होता, तरीही. म्हणून इथे विचारतो.

चारही प्रश्नांत रिकाम्या जागी 'तुझा भाऊ' भरायचा होता. ज्यांना अरबी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वाक्यात कर्ता असेल तर 'अखूक', कर्म असेल तर 'अखाक' आणि आधी शब्दयोगी काही आलं तर 'अखीक'. भाऊ तोच, फक्त मधला स्वर बदलतो.

पहिलं: जाअल मुहन्दिसून इल्ला ___. (तुझा भाऊ सोडून सगळे इंजिनिअर आले.) मी 'अखाक' लिहिलं, बरोबर.

दुसरं: मा जाअल मुहन्दिसून इल्ला ___. (तुझ्या भावाशिवाय इंजिनिअर आले नाहीत.) मी 'अखूक' लिहिलं, बरोबर. शेजारच्या मुलीने 'अखाक' लिहिलं, तेही बरोबर!

तिसरं: मा जाअ इल्ला ___. (तुझ्या भावाशिवाय कोणी आलं नाही.) दोन्ही चालतात असं आधीच्या पेपरवरून माहीत होतं, म्हणून मी 'अखाक' लिहिलं. चूक.

चौथं: सल्लम्तु अलल मुहन्दिसीन इल्ला ___. (तुझा भाऊ सोडून सगळ्या इंजिनिअरांना मी सलाम केला.) आधी 'अला' हे शब्दयोगी आहे म्हणून 'अखीक' लिहिलं. चूक.

दुसऱ्यात दोन उत्तरं चालतात आणि तिसऱ्यात एकच, हे कसं? दोन्ही नकारीच आहेत की. सरांना विचारलं तर म्हणाले, "पुन्हा वाच." वाचलं. पुन्हा तेच.

बाकावरचा_बंडू

भाऊ कसाही लिहा, वहिनीचं नाव बरोबर लिहा म्हणजे झालं. बसतो इथेच, शेंगदाणे घेऊन.

कोचीकाकू

अहो, इल्ला म्हणजे नाही! मी एकवीस वर्षं कोचीत राहतेय. दुकानात "साखर?" विचारलं की "इल्ला." "सुट्टे?" "इल्ला." तुमच्या सरांनी "चूक" म्हटलं ते त्यामुळेच असेल. 'भाऊ नाही' असं लिहायचं होतं.

शिकाऊ_उंट

काकू, ते मल्याळम. हे अरबी. योगायोगाने उच्चार सारखा.

कोचीकाकू

बरं बरं. तरी 'नाही' आणि 'सोडून' यात फार अंतर नाही हो. राहते वाचत.

गणित_मास्तर

सोपं आहे. होकारी वाक्य असेल तर 'आ', नकारी असेल तर 'ऊ'. पहिलं होकारी, म्हणून अखाक. दुसरं-तिसरं नकारी, म्हणून अखूक. चौथं होकारी, म्हणून अखाक, 'अला' असो वा नसो. दुसऱ्यात शेजारच्या मुलीला गुण मिळाले ते सरांच्या कृपेने. धागा बंद करा.

चिपळूणचा_चाचा

मास्तर, पहिल्या आणि चौथ्याचं तुमचं उत्तर बरोबर. दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर जुळतंय, पण कारण चुकलंय. आणि त्या मुलीवर अन्याय करू नका, तिचं उत्तर सवलतीचं नाही, हक्काचं आहे.

मी लहानपणी कोकणात मदरशात शिकलो. तिथे पहिलं वाक्य घोकून घेत, "कामल कौमु इल्ला ज़ैदन". लोक उभे राहिले, ज़ैद सोडून. तेव्हा घोकलं, कळलं बऱ्याच वर्षांनी. मला कळलं तसं सांगतो.

उंटभाऊ, तुम्ही आधी नकाराचा 'मा' आहे का ते बघता. ते नंतर बघायचं. आधी एवढंच विचारा की ज्यातून भावाला वगळायचं तो घोळका वाक्यात आहे का? 'इल्ला' आणि पुढचा शब्द बोटाने झाका आणि उरलेलं वाचा.

पहिलं झाका: "इंजिनिअर आले." पुरं वाक्य. दुसरं झाका: "इंजिनिअर आले नाहीत." हेही पुरं. चौथं झाका: "इंजिनिअरांना सलाम केला." पुरं. आता तिसरं झाका: "आला नाही." कोण? कर्त्याची जागा मोकळीच आहे.

या मोकळ्या जागेत तुमचा भाऊ जाऊन बसतो. तो त्या वाक्याचा खराखुरा कर्ता होतो, म्हणून 'अखूक' आणि फक्त 'अखूक'. 'मा' आणि 'इल्ला' दोन्ही काढून टाका, उरतं "जाअ अखूक", तुझा भाऊ आला. तिथे 'अखाक' म्हणाल का? नाही ना. अशा वाक्यात 'इल्ला' काचेसारखा असतो. क्रियापद त्याच्या आरपार भावाला पकडतं.

शिकाऊ_उंट

म्हणजे "मा रऐतु इल्ला ___", मी फक्त तुझ्या भावाला पाहिलं, इथे अखाक? पण ते इल्लामुळे नाही, पाहिलंमुळे?

चिपळूणचा_चाचा

शाब्बास. आणि "मा सल्लम्तु इल्ला अला अखीक", कारण आता 'अला' स्वतः भावाच्या दारात उभा आहे. तिन्ही वाक्यं नकारी, तिन्हींत 'इल्ला', आणि भावाची रूपं तीन. गणित_मास्तरांचा नियम इथेच कोसळतो.

गणित_मास्तर

कोसळला नाही, जरा कलला. नकारी + कर्ता = ऊ असं म्हणतो आता. पण दुसऱ्याचं काय? तिथे घोळका आहे, नकार आहे, आणि दोन उत्तरं. हे गणितात चालत नाही.

मस्कतकर

मी चौदा वर्षं मस्कतला साईटवर. एक सांगू? हे अखूक-अखाक कोणी बोलत नाही. फोरमन ओरडतो "कुल्हुम जाऊ इल्ला खालिद", सगळे आले, खालिद सोडून. शेवटी ना उन, ना अन. तुम्ही लोक जे शिकताय ते बातम्यांत आणि भाषणांत. इकडे येऊन 'खालिदन' म्हणालात तर समोरचा विचारेल, नमाज पढवतोस का?

पण 'इल्ला' रोज लागतो, घड्याळासाठी. "सलास इल्ला रुबअ" म्हणजे पावणेतीन. तीन, पाव सोडून. नवीन आलेल्या दक्षिणेकडच्या पोरांना समजवावं लागतं, आपल्याला लगेच कळतं.

संस्कृतप्रेमी_नाशिक

मस्कतकर, कमाल! पाऊण हा शब्दच मुळात 'पादोन', पाद म्हणजे चतुर्थांश आणि ऊन म्हणजे कमी. म्हणजे पावणेतीन हे अरबी आणि मराठी दोघांनी वजाबाकी करूनच सांगितलं.

मूळ प्रश्नाकडे. संस्कृतात 'विना'ला द्वितीया, तृतीया किंवा पंचमी, 'ऋते'ला पंचमी. 'ऋते ज्ञानान्न मुक्तिः' हे नकारी आहे, होकारी केलं तरी पंचमीच. विभक्ती त्या शब्दाशी बांधलेली. तेव्हा अरबीत होकार-नकाराचा संबंध कुठून आला, हे मला पटत नाहीये.

चिपळूणचा_चाचा

तुमच्याच शंकेत उत्तर आहे. 'विना' आपल्या शब्दाला विभक्ती देतो. 'शिवाय'ही तसाच, मुलगा कर्ता असो की कर्म, 'मुलाशिवाय'च. 'इल्ला' मात्र कधी स्वतःचं वजन टाकतो, कधी बाजूला सरकतो. होकारी वाक्यात घोळका आला, काम झालं, भाऊ त्या कामात नाहीच. जाण्या-येण्याशी त्याचं कर्त्याचं नातं जुळत नाही, म्हणून तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडलेल्याला अरबीत 'आ'. उंटभाऊंच्या चौथ्या वाक्यात घोळक्यासमोर 'अला' आहे, पण भावाला सलाम केलेलाच नाही. मग 'अला'ची मात्रा त्याला कशी लागेल?

मस्कतकरांचं घड्याळ पुस्तकी अरबीत म्हणा: "अस्साअतुस सालिसतु इल्ला रुब्अन." होकारी, पुरं, म्हणून 'अन'. तास तीनचा, पाव बाहेर. पावणेतीन लक्षात ठेवलंत की पहिला नियम विसरणार नाही.

आता दुसरं वाक्य. "इंजिनिअर आले नाहीत, तुझ्या भावाशिवाय." इथे भाऊ आलाय! म्हणजे येण्याशी त्याचं नातं आहे. म्हणून तो घोळक्याच्या जागी उभा राहू शकतो, घोळक्याची विभक्ती घेऊन. मुहन्दिसून कर्ता, तर अखूकही कर्त्यासारखा. हे पसंतीचं उत्तर. पण घोळका वाक्यात असल्याने 'वगळला' म्हणून बाहेर ठेवायलाही मुभा आहे, म्हणून अखाक. दोन्ही बरोबर, पहिलं जास्त चांगलं.

गणित_मास्तर

म्हणजे नकारी + घोळका = ऊ किंवा आ. आता तरी लिहून घेऊ?

चिपळूणचा_चाचा

थांबा हो मास्तर. 'ऊ' नाही, 'घोळक्याची जी असेल ती'. हे बघा: "मा सल्लम्तु अला अहदिन इल्ला ___", मी कोणालाच सलाम केला नाही, तुझ्या भावाला सोडून. इथे घोळका 'अहदिन'. त्याला 'अला'ने 'इ' लावलाय. तर पसंतीचं उत्तर 'अखीक', मुभेचं 'अखाक'. 'अखूक' लिहिलंत तर शून्य.

उंटभाऊ, तुमचं चौथं वाक्य आणि हे जवळ ठेवून वाचा. फक्त 'मा' आलाय आणि घोळका 'कोणी' झालाय. तिथे 'अखीक' चूक होतं, इथे तेच सर्वात चांगलं.

शिकाऊ_उंट

ओह. म्हणजे चौथ्यात मी बरोबर उत्तर चुकीच्या वाक्याला दिलं!

वाचनवेडी_वर्षा

मी एम.ए.ला अरबी घेतलं होतं. चाचांचं बरोबर आहे, एक भर घालते. परीक्षेत 'भाऊ' उगाच येत नाही. अरबी लिहिताना छोटे स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे शब्द फसवतो. 'खालिदुन' आणि 'खालिदिन' कागदावर सारखेच दिसतात, 'खालिदन'ला मात्र शेवटी अलिफ येतो. 'भाऊ'चा मधला स्वर दीर्घ, तो प्रत्येक वेळी अक्षराने लिहावाच लागतो. पकडायला सोपं. तसंच 'मुहन्दिसून / मुहन्दिसीन' अनेकवचन. पण तिथे कर्म आणि शब्दयोगी दोघांचं रूप 'ईन'च, म्हणून चौथ्या प्रश्नात रिकाम्या जागी भावाऐवजी तसं अनेकवचन भरायचं असतं तर तुमची चूक झाकली गेली असती :)

आणि नकार फक्त 'मा'त असतो असं समजू नका. "ला यख्रुज अहदुन इल्ला अखूक", तुझा भाऊ सोडून कोणी बाहेर जाऊ नये. मनाईही नकारच. "तुझ्या भावाशिवाय कोण करणार हे?" असा ज्याचं उत्तर 'कोणी नाही' असा प्रश्नही नकारच.

बाकावरचा_बंडू

"तुझ्या भावाशिवाय कोण करणार हे?" हे आमच्या आईचं लाडकं वाक्य. ते नकारी आहे हे आज कळलं.

मस्कतकर

मग उलट विचारतो. होकारी आणि घोळका नसलेलं वाक्य? "जाअ इल्ला अखाक"?

वाचनवेडी_वर्षा

ते वाक्यच होत नाही. मराठीत करून बघा: "तुझ्या भावाशिवाय आले." कोण आले? आणि "तुझा भाऊ सोडून आले" म्हणालात तर तुम्ही त्याला स्टेशनावर सोडून घरी आलात असा अर्थ होईल. दिसायला होकारी क्रियापद चालतं, पण मनात नकार लागतो, जसं 'नाकारणे'. कुरआनात नवव्या सूरेत 'यअबा', म्हणजे तो नाकारतो, आणि पुढे थेट इल्ला आहे, घोळका नाही. 'नाकारणे' म्हणजे 'मान्य न करणे', म्हणून निभावलं.

सलमा_रत्नागिरी

चाचा, एक मनातलं. कलम्यात 'ला इलाह इल्लल्लाहु', म्हणजे अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही. घोळका 'इलाह', त्याला 'अ' आहे. नकारी आहे. मग घोळक्यासारखं 'इल्लल्लाह' व्हायला हवं, 'हु' का? लहानपणापासून म्हणतोय, कधी विचारच केला नाही.

चिपळूणचा_चाचा

बेटा, छान प्रश्न. 'इलाह'वरचा 'अ' त्या 'ला'ने दिलेला आहे. तो 'ला' अनिश्चित नामालाच असा 'अ' लावतो, अल्लाह या नावाला तो लागू होत नाही. मग मागे बघायचं, 'ला' नसता तर त्या जागी काय असतं? वाक्याचं उद्देश्य, म्हणजे 'उ'. अल्लाहु त्या जागेच्या मागून जातो, कानाला ऐकू येणाऱ्या स्वराच्या मागून नाही. पंडितांनी याच्या इतरही मांडण्या केल्यात, पण ही सर्वात जास्त शिकवली जाते.

संस्कृतप्रेमी_नाशिक

हे मात्र पटलं. वरचा रंग नाही, खालची भिंत.

वाचनवेडी_वर्षा

आता चाचांनाच कोड्यात टाकते. अकरावी सूरा, ८१वी आयत. लूत पैगंबरांना सांगितलं जातं की घरच्यांना घेऊन रात्री निघ आणि तुमच्यापैकी कोणी मागे वळून बघू नये, इल्ला तुझी बायको. कुरआन पढण्याच्या बहुतेक परंपरांत, म्हणजे पाठांत, 'इम्रअतक', 'अ'. पण इब्न कसीर आणि अबू अम्र यांच्या पाठात 'इम्रअतुक', 'उ'. दोन्ही मान्य पाठ.

'उ' असेल तर ती 'कोणी वळू नये' यातल्या 'कोणी'च्या मागून जाते, तुमचं दुसरं वाक्य. म्हणजे ती सोबत निघाली होती आणि वळली. 'अ' असेल तर तीच मुभा म्हणा, किंवा 'घरच्यांना घेऊन निघ' या होकारी वाक्यातून तिला वगळली म्हणा. तसं असेल तर ती निघालीच नाही! एका स्वरावर ती घरात की रस्त्यावर हे ठरतं.

चिपळूणचा_चाचा

यावर आमच्या उस्तादांचं आणि त्यांच्या उस्तादांचंही जमलं नव्हतं. मला वाटतं 'अ'लाही नकारी वाक्यातली मुभा मानावी, म्हणजे दोन्ही पाठांचा अर्थ एक राहतो.

वाचनवेडी_वर्षा

पण मग बहुतेक पाठांत कमी पसंतीचं रूप आलं असं होतं. ते मानायला मन धजत नाही. चौथ्या सूरेच्या ६६व्या आयतीत 'इल्ला कलीलुन' आहे, थोडे सोडून, तिथे बहुतेक पाठ पसंतीचंच रूप घेतात आणि इब्न आमिर एकटा 'कलीलन' वाचतो. मी होकारी वाक्यातून वगळलं असंच धरते.

चिपळूणचा_चाचा

धरा. भांडणार नाही.

कोचीकाकू

लूतच्या बायकोचं काय झालं ते कळलं पण व्याकरणाने ती कुठे होती ते ठरत नाही, असं ना? आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे.

बाकावरचा_बंडू

आमच्या पुस्तकात एक वाक्य होतं, सगळे लोक आले नाहीत, गाढव सोडून. हे काय, सरांनी आमच्यावर केलेला विनोद?

चिपळूणचा_चाचा

"मा जाअल कौमु इल्ला हिमारन." जुनं उदाहरण आहे, तुमच्यावर नाही. गाढव हे लोकांपैकी नाहीच, मग घोळक्याच्या जागी उभं कसं राहणार? म्हणून नकारी असूनही हिजाझचे, म्हणजे मक्का-मदिनेकडचे लोक 'अन'च म्हणत. तमीम टोळीचे लोक 'हिमारुन'सुद्धा चालवून घेत. परीक्षेत हिजाझवाल्यांचं ऐका.

बाकावरचा_बंडू

आमच्या वर्गात मला घोळक्यातलंच धरलं असतं. तमीमवाले बरे.

शिकाऊ_उंट

काल चाचांची पद्धत लावून सरांकडे गेलो. आधी झाकलं, घोळका शोधला, मग नकार बघितला. सरांनी ऐकून घेतलं आणि फळ्यावर नवीन वाक्य लिहिलं: "मा जाअ इल्ला ___ अहदुन."

झाकलं तर उरतं "मा जाअ अहदुन", कोणी आलं नाही. घोळका आहे, नकार आहे. मी ऐटीत 'अखूक, किंवा अखाक' म्हणालो. सर हसले आणि तास संपला. चाचा?

गणित_मास्तर

घोळका मागे गेलाय. काहीतरी गडबड आहे. या वेळी मी गप्प.

चिपळूणचा_चाचा

मास्तर, आज तुम्ही नेमकं बघितलंत. भाऊ घोळक्याच्या पुढे आलाय. ज्याच्या मागून जायचं तोच मागे राहिला, तर मागून जाणार कसा? म्हणून 'अखाक'. 'अखूक' अगदीच नाही असं नाही. जुना अरबी व्याकरणकार सीबवैही याने आपले गुरू यूनुस यांच्या तोंडून नोंदवलंय की विश्वासू अरब "मा ली इल्ला अबूक नासिरुन" म्हणतात, तुझ्या वडिलांशिवाय मला मदतनीस नाही. वडील 'अबूक', तुमच्या भावाच्याच जातीचा शब्द. पण पसंती 'अखाक'ला.

तुमचे सर हसले ते 'अखूक' आधी म्हणालात म्हणून. उलट क्रमाने म्हणून बघा, काय करतात ते कळवा.

शिकाऊ_उंट

गुरुवारी तास आहे, पावणेसातला. कळवतो.

मस्कतकर

सात इल्ला रुब्अन. मी पण शिकलो.